‘चूळ भरू नका’ आणि ‘चुळा भरा’

दात काढून दवाखान्याबाहेर पडणाऱ्या माणसाकडे तीन गोष्टी असतात. दातांखाली दाबलेला गॉजचा बोळा, औषधांची चिठ्ठी आणि सूचनांचा एक कागद. बोळा तासाभरात कचऱ्यात जातो, चिठ्ठी मेडिकलवाल्याकडे जाते. कागदाची घडी होते आणि तो पर्समध्ये जाऊन बसतो.

आईची खालची उजवी दाढ काढली तेव्हा मिळालेला कागद माझ्याकडे अजून आहे. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, एकूण बारा ओळी. त्यातली तिसरी ओळ म्हणते, ‘चूळ भरू नका’. आठवी ओळ म्हणते, ‘मिठाच्या पाण्याने चुळा भरा’. पाचवी ओळ ‘बर्फाने शेका’ आणि सातवी ‘कोमट पाणी वापरा’. शेवटची ओळ अशी: ‘थोडी वेदना व सूज येणे सामान्य आहे, घाबरू नये.’

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते. दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या की मला सवयीने वाटतं, मध्ये एखादी अट गळली असणार. इथेही तसंच झालं होतं. गळलेली अट वेळेची होती. या बारा ओळी बारा वेगळ्या गोष्टी सांगत नाहीत, एकच गोष्ट सांगतात; फक्त तिचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. ती गोष्ट म्हणजे रक्ताची गुठळी.

दाढ निघाली की हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. तो काही मिनिटांत रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठतं. आपल्याला ती गुठळी म्हणजे घाण वाटते. जिभेने चाचपून, थुंकून काढून टाकावीशी वाटते. प्रत्यक्षात ती पट्टी असते. तिच्याखाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात. हाताला कापलं तर आपण वरून पट्टी बांधतो. तोंडात पट्टी चिकटत नाही, म्हणून शरीर ती खड्ड्यातच तयार करतं. पुढे याच गुठळीच्या धाग्यांवरून नव्या पेशी आत सरकतात, बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि आठवड्याभरात खड्ड्यात लालसर मऊ मांस दिसू लागतं. वरची हिरडी बंद व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आत हाड भरायला काही महिने. पण या सगळ्याची सुरुवात पहिल्या दिवसाच्या त्या लिबलिबीत गुठळीपासून होते.

हे कळलं की कागद आपोआप उलगडतो. पहिले चोवीस तास गुठळी जागेवर धरून ठेवायची. त्यानंतर ती कुजू द्यायची नाही. पहिल्या कामाला स्वस्थता लागते, दुसऱ्याला स्वच्छता. म्हणून आधी ‘चूळ भरू नका’ आणि नंतर ‘चुळा भरा’. दोन्ही सूचना एकाच गुठळीसाठी आहेत.

आईची दाढ शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघाली. कीड मुळापर्यंत गेली होती आणि मुळं वाकडी होती, त्यामुळे डॉक्टरांना पाऊण तास झगडावं लागलं. घरी येईपर्यंत आईचा अर्धा ओठ बधिर होता आणि तिला दर पाच मिनिटांनी बोळा काढून बघायचा होता. बोळा अर्धा-पाऊण तास न हलवता दाबून ठेवायचा असतो. मध्येच उचलला की गोठायला लागलेलं रक्त त्याच्याबरोबर सुटून येतं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

बोळा काढल्यावर लाळ गुलाबी दिसते आणि घाबरायला होतं. थेंबभर रक्त चमचाभर लाळेत मिसळलं की पेलाभर वाटतं. पहिल्या दिवशी हे चालतं. रक्त खरोखर वाहतंय असं वाटलं तर स्वच्छ गॉजची किंवा सुती कापडाची घडी ओली करून बरोबर खड्ड्यावर ठेवायची, ताठ बसायचं आणि घड्याळ लावून वीस-तीस मिनिटं चावून धरायचं. दोनदा असं करूनही तोंड रक्ताने भरत राहिलं, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. हृदयासाठी किंवा इतर कारणाने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर ते दात काढण्याआधीच सांगायला हवं, आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

‘थुंकू नका’ ही ओळ आईला सगळ्यात जड गेली. तोंडात रक्ताची चव आणि थुंकायचं नाही, म्हणजे गिळायचं? हो, लाळ गिळायची. जोरात थुंकताना, स्ट्रॉने ओढताना, विडी-सिगारेटचा झुरका घेताना तोंडात ओढ तयार होते आणि ताजी गुठळी त्या ओढीने सुटू शकते. म्हणून लस्सी चालते पण पेल्याने. आइस्क्रीम चालतं, चमच्याने.

रात्री आठला आईने जाहीर केलं, “मला काही दुखत नाही. गोळी कशाला?”

“आई, बधिरपणा उतरला की दुखेल. गोळी त्याच्या आधी पोटात गेलेली बरी.”

“दुखलं की घेईन ना.”

बधिर करायच्या इंजेक्शनचा असर साधारण दोन ते चार तास राहतो, आणि गोळीला काम सुरू करायला अर्धा-एक तास लागतो. दुखायला लागल्यावर गोळी घेतली की मधला सगळा वेळ कळ सोसावी लागते. आईने शेवटी कपभर थंड दूध पिऊन चिठ्ठीतली गोळी घेतली. चहा मागितला, तो मी दिला नाही. बधिर तोंडाला भाजलेलं कळत नाही, गाल चावला गेलेलाही कळत नाही. शिवाय गरम लागलं की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. चिठ्ठीवरच्या दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉलही होतं. अशा मिश्र गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, आणि माणसं अंग कसकसतंय म्हणून वर आणखी एक पॅरासिटामॉल घेतात. म्हणून पाकिटावरची नावं वाचून ठेवायची.

गालावर बाहेरून बर्फ: फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढाच वेळ विश्रांती. हे फक्त पहिल्या दिवसासाठी. झोपताना एक उशी जास्त. पहिली रात्र दहीभातावर पार पडली.

आता कागदावरची दहावी ओळ. ‘धूम्रपान टाळावे.’ मी ती मोठ्याने वाचली तेव्हा आई हसली.

“मी कुठं विड्या ओढते?”

आई मिश्री लावते. सातारा जिल्ह्यात तिच्या वयाच्या कितीतरी बायका लावतात. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू कुटायची, पहाटे चिमूटभर बोटावर घेऊन दात-हिरड्यांवर घासायची, थोडा वेळ तोंडात धरायची आणि थुंकायची. तिच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे. मिश्री लावल्याशिवाय तिचं पोट साफ होत नाही असं ती म्हणते, आणि माझं लग्न का होत नाही हा विषय जसा आमच्या घरी रोज निघतो तसा मिश्री सोडण्याचा विषय मी रोज काढते. दोन्हींचा निकाल सारखाच लागतो.

कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिगारेट ओढणारा माणूस होता. मिश्रीवाली बाई त्याला दिसलीच नाही. पण गुठळीच्या बाजूने पाहिलं तर मिश्री तिचं तीन बाजूंनी नुकसान करू शकते. तंबाखूतल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे खड्ड्याकडे रक्त कमी येतं. हिरडीवर बोट घासल्याने गुठळी हलते. आणि शेवटी पचकन थुंकावं लागतं. हेच तोंडात धरायच्या तंबाखूला, गुटख्याला, मावा-खर्ऱ्याला लागू होतं. ‘धूम्रपान’ हा शब्द वाचून हे सगळे लोक निर्धास्त होतात, कारण धूर कुणीच काढत नसतो.

मी हे आईला समजावलं. ती म्हणाली, “बरं, नाही लावत दोन दिवस.” दोन दिवस हे कमी होतं. निदान आठवडाभर तरी थांबायला हवं. पण वाटाघाटी तिथेच थांबल्या.

शनिवारी संध्याकाळी चोवीस तास झाले आणि चुळा सुरू झाल्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून तीन-चार वेळा, आठवडाभर. पाणी तोंडात खळखळवायचं नाही. घोट घ्यायचा, मान हळूच त्या बाजूला कलती करायची, पाणी खड्ड्यावर थोडा वेळ राहू द्यायचं आणि मग बेसिनवर वाकून तोंड उघडायचं. पाणी आपोआप पडतं. यात अन्नाचे कण निघून जातात, आणि कण नसले की जंतूंना खायला कमी मिळतं. ब्रश बाकीच्या दातांवर रोजच्यासारखा, खड्ड्याशेजारी अगदी हलका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. शनिवारपेक्षा रविवारी आईचा गाल जास्त फुगला होता आणि तोंडही पूर्ण उघडत नव्हतं. हे ठरल्याप्रमाणे होतं. पण सूज वाढत असली तरी दुखणं पहिल्या दिवसापेक्षा उतरायला हवं. माझ्या मते अख्ख्या कागदात असायला हवी होती आणि नव्हती, अशी हीच ओळ. ‘थोडी वेदना सामान्य आहे’ यातल्या ‘थोडी’ला माप नाही. माझ्या आईची ‘थोडी’ म्हणजे दुसऱ्या कुणाची ॲम्ब्युलन्स. माप किती दुखतंय याचं घ्यायचं नाही, कुठल्या दिशेने जातंय याचं घ्यायचं. रोज कालच्यापेक्षा कमी दुखत असेल तर बरं चाललंय. बरं वाटायला लागल्यावर पुन्हा वाढलं तर काहीतरी बिघडलंय.

आईचं शनिवारी कमी झालं होतं, रविवारी सकाळी आणखी कमी. सोमवारी दुपारपासून ते वाढलं. संध्याकाळी ठणका कानापर्यंत गेला. ती म्हणाली, कान दुखतोय, वारं लागलं असेल. गोळी घेतली की दोन तास बरं, मग पुन्हा तेच. तोंडाला वास येत होता. ताप नव्हता. गालाची सूज उलट उतरली होती.

शेजारच्या काकू लवंगाचं तेल घेऊन आल्या. मावशीने फोनवर तुरटी आणि हळद सांगितली. किडलेला दात जागेवर असताना लवंगाच्या तेलाने बरं वाटतं हे खरं आहे, पण ताज्या खड्ड्यात नुसतं तेल ओतलं तर आतलं नाजूक मांस भाजतं. हळद-तुरटीची पूड आत जाऊन बसते आणि तीच काढावी लागते. काकूंना चहा दिला, तेल फडताळात ठेवलं.

मी मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या तोंडात पाहिलं. अशा वेळी नेमकं काय बघायचं हे माहीत असेल तर बराच गोंधळ टळतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बऱ्या होत असलेल्या खड्ड्यावर पांढरट-पिवळट पापुद्रा दिसतो. पुष्कळांना तो पू वाटतो आणि ते काडीने किंवा ब्रशने खरवडतात. तो पू नसतो, ती गुठळीची बदललेली वरची साय असते, आणि दुखणं उतरत असेल तर तिला हात लावायचा नसतो. आईच्या खड्ड्यात तसं काही नव्हतं. तो रिकामा होता. तळाशी करडं-पांढरं हाड दिसत होतं.

याला डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात, म्हणजे कोरडा पडलेला खड्डा. हे नाव १८९६ सालापासून चालत आलं आहे. गुठळी वेळेआधी सुटते किंवा विरघळते, हाड उघडं पडतं आणि हवा, पाणी, घास, सगळं थेट त्याला लागतं. ठणका कानाकडे किंवा कानशिलाकडे जातो, कारण खालच्या जबड्याची आणि कानाजवळची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्या वाहून नेतात. साध्या दात काढण्यानंतर शंभरातल्या एक ते पाच जणांना हे होतं. खालच्या अक्कलदाढेनंतर प्रमाण बरंच जास्त असतं.

मंगळवारी सकाळी आम्ही पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरांनी सलाइनच्या पाण्याने खड्डा हळूवार धुतला आणि त्यात औषधाची बारीक पट्टी बसवली. तिला लवंगाचाच वास होता. युजेनॉल हे लवंगेतलंच द्रव्य, पण इथे ते मोजून, पट्टीत मुरवून, धुतलेल्या खड्ड्यात ठेवलेलं. दवाखान्यातून बस स्टँडपर्यंत येईस्तोवर आईचा चेहरा सैल झाला होता.

“काकूंचंच औषध दिलं की त्यांनी,” ती म्हणाली.

अँटिबायोटिक मागावं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पू नाही, ताप नाही, सूज उतरलेली आहे; हा जंतूंचा पसरलेला संसर्ग नाही, उघडं पडलेलं हाड आहे, त्याला झाकण हवं. दोन दिवसांनी पट्टी बदलली, आणखी दोन दिवसांनी काढून टाकली. नवं मांस हाडावर सरकायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर पट्टी फक्त दुखणं झाकते. भरून यायचं काम शरीरच करतं.

खरा संसर्ग वेगळा दिसतो आणि तो ओळखणं जास्त महत्त्वाचं आहे. त्यात तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढते, ताप येतो, पू येतो, तोंड रोज आणखी कमी उघडतं. सूज जिभेखाली किंवा गळ्याकडे सरकली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

परतीच्या वाटेवर आईने स्वतःहूनच सांगितलं. रविवारी पहाटे तिने मिश्री लावली होती. “चिमूटभरच. आणि डाव्या बाजूला.”

मी डॉक्टरांना नंतर फोन करून विचारलं, त्यामुळेच झालं का? त्यांनी हो म्हटलं नाही. खालची दाढ, वाकडी मुळं, पाऊण तासाची ओढाताण, वर्षानुवर्षांची तंबाखू, या प्रत्येक गोष्टीने शक्यता वाढते. नेमकी कुठली लागू पडली ते एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. सगळं पाळूनही काहींना होतं, काहीच न पाळता काहींना होत नाही. मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. मिश्री सोडायला लावायची ही चांगली संधी होती, पण तिला घाबरवून खोटं कारण चिकटवलं असतं तर पुढच्या वेळी खऱ्या कारणावरही तिने विश्वास ठेवला नसता.

मग मी तो कागद नव्याने मांडला. ओळी जवळजवळ त्याच ठेवल्या, फक्त क्रम वेळेचा लावला. सगळ्यात वर: खड्ड्यातली रक्ताची गुठळी ही पट्टी आहे, ती सात दिवस सांभाळायची. त्याखाली पहिले चोवीस तास: बोळा दाबून ठेवा, चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, गरम नाही, बर्फ बाहेरून, गोळी बधिरपणा उतरायच्या आधी. मग दुसऱ्या दिवसापासून: मिठाचं कोमट पाणी, खळखळ न करता, मऊ जेवण दुसऱ्या बाजूने, पांढरी साय दिसली तर हात लावू नका. मग सातही दिवसांसाठी: विडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू, गुटखा, मावा बंद, प्रत्येकाचं नाव घेऊन. आणि तळाशी जाड अक्षरांत: दुखणं रोज उतरलं पाहिजे, उतरलेलं पुन्हा वाढलं तर त्याच दिवशी या.

प्रिंट काढून डॉक्टरांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, ‘मावा’च्या पुढे पेनाने ‘नस’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, तपकीरही राहिली होती. नस म्हणजे तपकीरच, ती इकडे हिरडीला लावतात, हे मला माहीत नव्हतं. कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला.

आईची मिश्री दहाव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. खड्डा महिन्याभरात बुजला. डाव्या बाजूची एक दाढ आता हलते आहे, आणि या वेळी वाटाघाटी दाढ काढायच्या आधीच सुरू केल्या आहेत. मी चौदा दिवसांवर अडून आहे. ती पाचवर आली आहे.